एका शब्दाचा संदेश

काल दुपारी फोनवर शेजारच्या शिवारातल्या एका तरुणाचा संदेश आला आणि त्यात 'मदत' एवढा एकच शब्द होता. 'काय झाले?' असे लिहून उत्तराची वाट पाहण्याऐवजी मी लगेच फोन लावला, कारण ज्याला एवढेच लिहिता आले, त्याला दुसरा संदेश लिहिता येईलच असे नाही. शेतात रेंज केव्हाही जाते, म्हणून पहिला प्रश्न 'कुठे आहेस?' हाच विचारला. 'नाल्याकाठच्या धुऱ्यावर' एवढे तो कसाबसा बोलला. पुढचे प्रश्न हो किंवा नाही म्हणता येईल असेच ठेवले. पराटीवर फवारणी करत होतास? अंधुक दिसते? तोंडाला लाळ सुटली आहे? तिन्हींना 'हो' आले, आणि त्याने एकच शब्द का लिहिला होता ते कळले: त्याला अक्षरेच दिसत नव्हती.

बायकोला 108 वर फोन करायला सांगून मी धावलो. हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून त्याचे भिजलेले कपडे काढले, साबणाने अंग धुतले आणि त्याला कुशीवर झोपवले. कोणी दूध पाजा म्हणाले, कोणी ओकारी काढा म्हणाले. मी दोन्ही करू दिले नाही, कारण गुंगीत ते फुप्फुसात जाऊ शकते. फवारणीच्या औषधाची बाटली मात्र आठवणीने सोबत दिली. डॉक्टरांनी आधी तिचे लेबल वाचले, औषध ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक असल्याची खात्री केली आणि त्या विषावर उतारा म्हणून अॅट्रोपिन सुरू केले.

आज सकाळी त्याचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण वाक्ये पूर्ण होती.