फरशीवरचं पाणी

आषाढ वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या दर्शनाला घोटीकडून त्र्यंबकला जाताना पाऊस असणारच, हे धरूनच आमची दिंडी निघते. वैतरणेचा परिसर हरिपाठाच्या नादात मागे पडला. पण दुपारी तीनच्या सुमाराला वाट ओढ्याच्या फरशीपाशी येऊन थांबली, आणि पुढचा तास सगळे तिथेच उभे.

फरशी म्हणजे वीसेक मीटरचा काँक्रीटचा पट्टा. खाली चार मोऱ्या, कठडा नाही, फक्त दोन्ही कडांना हात-दीड हाताचे दगडी खुंट. मोऱ्यांच्या तोंडाशी फांद्या आणि पालापाचोळा अडकलेला होता. असं झालं की पाणी खालून जात नाही, वरच्या अंगाला तुंबतं आणि फरशीवरून वाहतं. त्यामुळे ओढा फारसा मोठा नसला तरी फरशीवरची धार मोठी होते.

चोपदारांनी पाण्यात पाय घालू दिला नाही. खुंट साधारण दोन फुटांचे. मधले खुंट चारच बोटं वर दिसत होते, म्हणजे तिथे खोली अर्धा मीटर, गुडघ्याच्या थोडी वर. मग काठाने बारा पावलं मोजली, नऊ मीटर भरली. वाळकी काटकी टाकली, ती पाच सेकंदांत खालच्या खुणेला पोचली. सेकंदाला 1.8 मीटर. पृष्ठभागावरचं पाणी एकूण धारेपेक्षा जोरात जातं, म्हणून त्यातलं थोडं वजा करून दीड धरायचं. दीड गुणिले अर्धा, पाऊण.

हा गुणाकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. 0.6 च्या वर गेला की लहान मुलं आणि म्हातारी माणसं धारेत टिकत नाहीत. 0.8 च्या आसपास धडधाकट तरुणाचाही पाय सुटायला लागतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, म्हणून नुसती खोली बघून ‘गुडघाभर तर आहे’ म्हणणं फसवं. आमच्यात अडतीस माणसं, त्यातली नऊ सत्तरीच्या पुढची. पखवाजी आणि दोन टाळकरी कदाचित गेले असते. दिंडी गेली नसती.

पण मुक्काम पलीकडे होता, अवघ्या दीड कोसावर. वरच्या मोठ्या पुलावरून फेरा घ्यायचा तर नऊ किलोमीटर जास्त, दिंडीच्या चालीने तीन तास. भिजलेल्या तळव्यांना फोड आलेले. डोक्यावर तुळस घेतलेल्या मावशी चिडल्या होत्या. “इतकी वर्षं याच फरशीवरून गेलोय. दोर बांधा आणि चला.”

दोर होता. तो कमरेला बांधायचा नसतो. पाय घसरला की माणूस पाण्यात आणि दोर ताणलेला, मग धार त्याला खालीच दाबून ठेवते आणि त्याला वर येता येत नाही. हातांची साखळी केली तर एक घसरला की शेजारचेही ओढले जातात. विणेकऱ्यांचा तर एक हात विण्यालाच.

उरला थांबण्याचा पर्याय. ओढ्याचं खोरं लहान असलं तर पाऊस उघडल्यावर दोन-तीन तासांत पाणी ओसरतं. म्हणून कडेला पाण्याच्या रेषेवर काटकी रोवली. पंधरा मिनिटांनी ती दोन बोटं बुडाली होती. आमच्या डोक्यावर पाऊस थांबलेला, पण ब्रह्मगिरीच्या अंगाला काळंच होतं. तिथलं पाणी अजून यायचं होतं.

तेवढ्यात पाड्यावरून एकजण इरलं घेऊन आला. आमची चर्चा ऐकून त्याने नुसतं बोट दाखवलं. “माउली, तिसऱ्या खुंटापाशी खालच्या अंगाला बघा.” तिथे पाणी सपाट न जाता आत दबून पुन्हा उसळत होतं. “तिथली कड गेल्या पावसात तुटलीय. उन्हाळ्यात माझा बैल अडकला होता.”

गढूळ पाण्याखालचं भगदाड वरून दिसत नाही, ते असंच ओळखायचं. धार रेटते ती खालच्याच अंगाला, म्हणजे घसरणारा नेमका त्या भगदाडाकडे जातो. चोपदारांनी काठी उचलून दिंडी फिरवली. मावशी काहीच बोलल्या नाहीत, तुळस मात्र दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही.

तो माणूस पुलापर्यंत बरोबर आला, बॅटरी हातात, शेवटच्या म्हाताऱ्यांच्या मागे. पखवाज प्लास्टिकात गुंडाळलेला, म्हणून नुसत्या टाळांवर रामकृष्णहरी चालू. पूल आला तेव्हा सव्वासहा झाले होते. पाणी पुलाच्या पुरुषभर खाली होतं आणि सगळ्या गाळ्यांतून मोकळं जात होतं. त्याने ते वाकून पाहून घेतलं, मग मावशींच्या पायाला हात लावला आणि अंधार पडायच्या आत पाड्याकडे वळला. मावशींनी तुळशीतली दोन पानं तोडून त्याच्या हातावर ठेवली होती.