पाणी किती फूट?

गॅसच्या बुकिंगचा मेसेज शोधत चॅट खाली खाली सरकवत होतो आणि मध्येच पाटल्याचं नाव आलं. शेवटचा मेसेज त्याचाच, ऑगस्टातला. "लका पाणी किती फूट? काकू वर गेल्या का?" खाली माझं काही नाही. आता संक्रांत आली.

बरं वाचला नव्हता असंही नाही, तेव्हाच वाचलाय. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी तेव्हा चाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडून पुढं चाललेलं आणि गल्लीतले सगळे पंचेचाळीसच्या धोक्याकडं बघत बसलेले. मी फ्रीजखाली विटा लावत होतो. हात रिकामा झाला की सांगतो म्हटलं. हात रिकामा झाला, पाणी उतरलं, आणि मग वाटलं आता काय सांगायचं, आता तर उतरलं की.

तिथूनच सगळं बिघडतं बहुतेक. दुसऱ्या दिवशी दोन शब्दांत भागलं असतं, आठवड्यानं त्याला थोडं कारण जोडावं लागलं असतं, आणि महिन्यानं नुसतं "ठीक आहे" लिहिणं हे बेशरमपणाचं वाटायला लागतं. किराणावाल्याची उधारी थकली की आपण शेजारच्या गल्लीनं जातो, तसं मी त्या चॅटच्या कडेनं जात होतो. उधारी निदान तेवढीच राहते, इथं ती रोज वाढते आणि वाढवणारे आपणच.

रात्री बसून लिहायला घेतलं. पहिला मसुदा एवढा लांब झाला की बोट लावून वर सरकवावं लागत होतं. पुरानंतरचा गाळ, मग गणपती, ऑफिसातलं ऑडिट, आईचा गुडघा, मध्ये फोन बिघडला होता वगैरे. फोनचं सोडलं तर सगळं खरं. आणि तरी एकूण वाचलं की खोटं वाटत होतं, कारण याच काळात मी स्टेटस टाकत होतो. हरिपूरच्या संगमाचा फोटो, गणपतीचा फोटो, कुठल्यातरी हुरडा पार्टीचा फोटो. आणि ते बघणाऱ्यांच्या यादीत पाटल्याचं नाव असायचं, दर वेळी. म्हणजे त्यानं माझी सगळी फुरसत बघितलीय. त्याला "वेळच मिळाला नाही रे" कसं सांगायचं?

पुसलं.

दुसऱ्या मसुद्यात नुसतं सॉरी. सॉरी भावा, मी नालायक आहे, तू रागावला असशील, तुझं बरोबरच आहे. हे लिहिताना फार बरं वाटत होतं, डोळ्यात पाणी यायचंच बाकी होतं. मग त्याच्या बाजूनं वाचलं. हे वाचून त्यानं काय करायचं? "असू दे रे, होतं असं" म्हणायचं. म्हणजे पुरात मी, काळजी केली त्यानं, उत्तर दिलं नाही मी, आणि आता समजूत पण त्यानंच काढायची. कारणांचंही तेच होतं म्हणा. चार कारणं दिली की समोरच्याला चारही तपासून माफ करत बसावं लागतं, आणि गुडघ्याबद्दल वेगळं विचारावं लागतं. आईच्या गुडघ्याचं सांगायचंच आहे त्याला, पण बातमी म्हणून, जामीन म्हणून नाही.

(मधे एकदा तिळगुळाचं चित्र फॉरवर्ड करून द्यावं असंही मनात आलं. सगळ्यांना जातं ते त्यालाही गेलं, चॅट चालू झाली, मिटलं. पण वर त्याचा प्रश्न तसाच लटकलेला आणि खाली "गोड गोड बोला". नको.)

खरं सांगायचं तर इथं थोडा वेळ मला माझीच दया आली. मला तरी कोण विचारतं, मीच का सगळ्यांना उत्तरं देत बसू, बाबा गेल्यापासून... असो. आणि मग लक्षात आलं की कोण विचारतं म्हणतोयस, समोर विचारलेलंच दिसतंय की बाबा. फूट सकट विचारलंय.

मग मी चॅट वर नेली. त्याच्या पुराच्या मेसेजच्या आधी, जुलैत, त्यानं लिहिलेलं की पोरगी सायकलवरून पडली, गुडघा फुटला, आता सायकलला हात लावत नाही. त्यावर मी एक अंगठा टाकलेला. अंगठा! हे मात्र मला मेसेजच्या उशिरापेक्षा जास्त लागलं.

शेवटी त्याचा तोच मेसेज उजवीकडं ओढून त्यालाच उत्तर दिलं, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते त्याला शोधायला नको. हे गेलं:

"पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन माघारी फिरलं. आई आधीच विश्रामबागला मावशीकडं गेलेली. फ्रीज विटांवर चढवलाय तो अजून तसाच हाय, आई दूध काढताना मला शिव्या देती. उत्तराला लई उशीर केला, सॉरी. तू विचारलंस ते बरं वाटलेलं. पोरगी सायकलवर बसली का परत?"

उशिराबद्दल एकच ओळ आणि तीही मधे. आधी त्यानं विचारलं होतं त्याचं उत्तर, शिळं असलं तरी. 2019 ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलेलं तेव्हा तो आमच्याबरोबर गच्चीवर होता, त्याला "सगळं ठीक" या दोन शब्दांत काही कळत नाही, फ्रीज म्हटलं की कळतं. आणि "बाकी काय चाललंय" मुद्दाम लिहिलं नाही. त्याला मग एवढ्या महिन्यांचा अहवाल लिहावा लागला असता, आणि तो कंटाळा करून मागं ठेवला असता, म्हणजे गाडी परत तिथंच. सायकलचं एका शब्दात सांगता येतं.

त्याच्या घरी काही वाईट झालं असतं आणि त्याचा मेसेज असा पडून राहिला असता तर फ्रीजबिज चाललं नसतं. मग फोनच करायचा, आणि आपलं कमी बोलायचं. हे पुराचं होतं म्हणून निभावलं.

लिहून झालं तेव्हा रात्रीचा एक वाजलेला. पाठवलं नाही. एक वाजता असा मेसेज गेला की माणूस आधी घाबरतो. दुपारी पाठवला, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तो कंपनीच्या बसमध्ये रिकामाच असतो. दोन टिक आल्या, निळ्या होईनात. मी फोन उलटा ठेवला, सुलटा केला, परत उलटा. वाटलं, बरोबर आहे, आता तो मला ऑगस्टपर्यंत लटकवणार, आणि मला बोलायला तोंड नाही.

संध्याकाळी आला. "सायकल येती आता. ब्रेक लावायला येत न्हाय. फ्रीज खाली घे लेका, काकूंचे हाल करू नको." आणि खाली, "येताना भडंग आण. येतोस कधी?"

उशिराबद्दल काही नाही. एक शब्द नाही. मला थोडं वाईटच वाटलं त्याचं, एवढे मसुदे लिहिले होते, निदान एक शिवी तरी.

"नक्की येतो बघ" असं टाइप केलेलं, मग पुसलं. आमच्या "नक्की येतो"ला काय अर्थ असतो ते दोघांनाही माहितीय. त्याऐवजी विचारलं की पुढच्या महिन्यात कुठल्या रविवारी तुला सुट्टी आहे, सकाळच्या एसटीनं येतो. निळी टिक आलीय, उत्तर नाही. शिफ्टचा तक्ता बघत असेल. किंवा हात रिकामा नसेल.