रेंज फुल्ल, फोटो जाईना

"फोनवर रेंज फुल्ल दिसते, पण मॅचला नाहीतर कॉन्सर्टला गेलं की साधा फोटोसुद्धा जात नाही. कंपन्या तिथे जास्तीचा टॉवर का नाही लावत?"

लावतात. ते लावणाऱ्यांपैकीच मी एक आहे, आणि एकदा जास्तीचा टॉवर उभा करून आम्ही नेट आणखी मंद करून ठेवलं होतं. ते पुढे सांगतोच. आधी त्या दांड्यांचं बघू.

फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या एवढंच सांगतात, की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठ्याने पोचतोय. त्याच टॉवरवर आणखी किती जण आहेत, हे त्या सांगत नाहीत. आणि तुमचा आवाज टॉवरला ऐकू जातोय का, हेही नाही. गर्दीत बिनसतं ते बहुतेक वेळा इथेच. टॉवरच्या एका दिशेच्या तोंडामागे, म्हणजे एका सेक्टरमागे, रेडिओकडे 40 वॅटच्या आसपास ताकद असते, तुमच्या फोनकडे फार तर 0.2 वॅट. शिवाय फोन खिशात नाहीतर हातात, आणि भोवती माणसंच माणसं. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि ते रेडिओलहरी चांगल्याच शोषतं.

एक साधा हिशोब करू. मैदानाकडे तोंड केलेला एक सेक्टर आहे आणि त्याच्याकडे 4जीचा 20 मेगाहर्ट्झचा एक पट्टा आहे. कागदावर या पट्ट्यातून वरच्या दिशेने, म्हणजे अपलोडला, 50 ते 75 एमबीपीएस मिळायला हवेत. भर गर्दीत 20 मिळाले तरी मी खूश असतो. आता पंधरा सेकंदांची क्लिप साधारण 15 एमबीची, म्हणजे 120 मेगाबिट. अख्खा सेक्टर एकट्या तुम्हाला दिला तर ती 6 सेकंदांत जाईल. पण त्या सेक्टरवर 1,000 जण आहेत. गोल झाला आणि त्यातल्या फक्त 50 जणांनी क्लिप पाठवायला घेतली, तर सगळ्यांच्या मिळून व्हायला 300 सेकंद लागतात, म्हणजे 5 मिनिटं. कोणी आधी आणि कोणी नंतर, असंही नसतं. टॉवर दर मिलिसेकंदाला पट्ट्याचे तुकडे पाडून वाटत असतो, त्यामुळे पन्नासही जणांची रेघ सारखीच रेंगाळते.

बरं, मला काही पाठवायचं नाहीये, मी फक्त स्कोअर बघतोय, असं म्हणालात तरी सुटका नाही. पान उतरताना तुमचा फोन दर थोड्या वेळाने "मिळालं" अशी पोच परत पाठवत असतो. ती पोच अडकली की पलीकडचा सर्व्हर हात आखडता घेतो. उतरण्याचा रस्ता मोकळा असूनही पान अर्ध्यावर थांबतं ते यामुळे.

याच्याही आधी एक दार असतं. गप्प बसलेल्या फोनला काही पाठवायचं झालं तर आधी टॉवरचं लक्ष वेधून घ्यावं लागतं. त्यासाठी 4जीच्या एका सेलमध्ये, म्हणजे एका सेक्टरच्या टापूत, 64 खुणेचे स्वर ठरलेले आहेत. त्यातले काही टॉवर स्वतःच्या कामासाठी राखून ठेवतो. समजा 54 उरले. फोन त्यातला कुठलाही एक निवडून हाक मारतो. दोघांनी एकाच क्षणी एकच स्वर निवडला तर टक्कर होते आणि दोघांनाही थोडं थांबून पुन्हा हाक मारावी लागते. एकाच क्षणी 20 फोनांनी हाक मारली, तर तुमची हाक टकरीत सापडायची शक्यता जवळजवळ 30 टक्के. उत्तर आलं नाही की फोन पुढची हाक आणखी जोरात मारतो, म्हणजे बाकीच्यांसाठी गोंगाट आणखी वाढतो. त्यातून फोन दहाएक सेकंद गप्प राहिला की टॉवर त्याला बाहेर काढतो आणि पुढच्या मेसेजला तो पुन्हा दाराशी. म्हणून फोटो जात नाही म्हणून विमान मोड चालू-बंद करणाऱ्यांना मी हात जोडतो. कसेबसे आत शिरलेले असता आणि स्वतःहून रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहता.

आता तुमचा खरा प्रश्न, जास्तीच्या टॉवरचा.

वर्षातले बहुतेक दिवस रिकाम्या पडलेल्या मैदानासाठी कायमचा टॉवर कोणी बांधत नाही. तिथे ट्रकवरचा टॉवर जातो. त्याचं इंग्रजी नाव सेल ऑन व्हील्स, आणि आद्याक्षरांमुळे आमच्यात त्याला 'काऊ' म्हणतात. त्यामुळे "गाय पोचली का? चारा आहे ना?" असली संभाषणं आमच्या फोनवर नेहमीची. चारा म्हणजे जनरेटरचं डिझेल. ट्रकवर उभा होणारा खांब, रेडिओ, अँटेना, जनरेटर आणि मागे नेटवर्कशी जोडणारी तार, एवढा सगळा संसार. ही मागची तार लोक विसरतात. तीन सेक्टरचा ट्रक आणला आणि मागे 100 एमबीपीएसची जोडणी दिली, तर पुढे कितीही अँटेना लावा, गळा तिथेच आवळलेला. फायबर मिळाली तर उत्तम, नाहीतर डिशने डिशला जोडणारी मायक्रोवेव्हची लिंक.

माझी फजिती झाली ती मात्र तारेमुळे नाही. मोकळ्या मैदानावरचा तीन दिवसांचा संगीत महोत्सव होता. साधारण 40 हजार माणसं, त्यातले आमचे ग्राहक 12 हजारांच्या आसपास. मैदानापासून 600 मीटरवर, रस्त्याकडेला आमचा कायमचा टॉवर होता आणि त्याचा एकच सेक्टर मैदानाकडे बघत होता. आम्ही मैदानाच्या कडेला ट्रक लावला आणि खांब पूर्ण 18 मीटर वर काढला. उंच लावलं की लांबवर पोचतं, हे डोक्यात इतकं भिनलेलं, की कोणालाच खटकलं नाही. अँटेना जेमतेम 2 अंश खाली झुकवलेल्या.

पहिल्या संध्याकाळी मुख्य कार्यक्रम सुरू झाला आणि स्क्रीनवरचे आकडे विचित्र दिसू लागले. ट्रकवर माणसं भराभर येत होती, पण एकूण डेटा आदल्या दुपारपेक्षा कमी जात होता. मी चाचणीचा फोन घेऊन गर्दीत शिरलो. सिग्नलची ताकद उणे 75 डीबीएम, म्हणजे झकास. सगळ्या दांड्या भरलेल्या. पण त्याखालचा दुसरा आकडा, सिग्नल आणि गोंगाट यांच्यातल्या फरकाचा, शून्य आणि दोनच्या मध्ये लोळत होता. तिथेच उलगडा झाला.

4जीमध्ये शेजारचे टॉवर बहुधा एकाच पट्ट्यावर बोलतात. मैदानाच्या मध्यावर ट्रक आणि रस्त्यावरचा टॉवर, दोघंही तितक्याच मोठ्याने ऐकू येत होते. दोन माणसं दोन कानांत एकाच वेळी, सारख्याच आवाजात बोलली तर कळेल का काही? फोनचंही तेच झालं. हा फरक शून्य डीबी असेल, तर एका हर्ट्झमधून सेकंदाला तत्त्वतः 1 बिट जातो. तोच 13 डीबी झाला, तर 4 बिटांच्या थोडं वर जातं. पट्टा तोच, ट्रक तोच, फक्त एकमेकांच्या बोलण्यात तोंड घातलं नाही तर चौपट काम होतं. आम्ही नेमकं तोंड घालत होतो.

भूमितीसुद्धा शाळेतलीच होती. 18 मीटर उंचीवरून 2 अंश खाली बघितलं, तर किरणाचा मध्य साधारण 515 मीटरवर जमिनीला टेकतो. म्हणजे आमचा ट्रक समोरच्या माणसांना सोडून मैदानापलीकडच्या पार्किंगशी बोलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खांब 12 मीटरवर आणला आणि झुकाव 8 अंश केला. आता किरण 85 मीटरवर टेकू लागला. ट्रक उचलून मैदानाच्या त्या बाजूला नेला जिथून त्याची पाठ रस्त्यावरच्या टॉवरकडे होईल. रुंद अँटेना काढून अरुंद लावल्या, म्हणजे प्रत्येकीने मैदानाची एकच फोड सांभाळायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस्त्यावरच्या त्या सेक्टरचं तोंड खाली केलं, म्हणजे त्याने मैदानात डोकावायचंच नाही. हे शेवटचं वरिष्ठांच्या गळी उतरवणं अवघड गेलं. "गर्दी तिकडे आहे आणि तुम्ही आपलाच टॉवर तिकडून वळवताय?" असं ते दोनदा म्हणाले. संध्याकाळी त्याच जागी उभा राहिलो तेव्हा फरकाचा आकडा 12-13 होता. ताकदीचा आकडा आदल्या दिवशीपेक्षा किंचित कमीच. म्हणजे कोणाच्या फोनवर एखादी दांडी कमीही झाली असेल, पण फोटो जात होते.

स्टेडियममध्ये हाच खेळ आणखी बारीक होतो. वाटीसारखी रचना, एका टोकाला बसलेल्याला समोरच्या टोकाची अँटेना थेट दिसते, आणि दिसते म्हणजे ऐकूही येते. मग छतावरून खाली रोखलेल्या अरुंद अँटेना लावतात आणि प्रेक्षागाराचे लहान लहान सेल पाडतात. काही ठिकाणी अँटेना चक्क खुर्च्यांखाली जातात. कॅलिफोर्नियात सांता क्लाराला 2014 मध्ये उघडलेल्या लेव्हाईज स्टेडियममध्ये वायफायच्या पेट्या अशाच खुर्च्यांखाली बसवल्या होत्या. मघाशी ज्या शरीरांना नावं ठेवली, तीच इथे कामाला येतात. खुर्चीखालचा सिग्नल दहा-बारा रांगांत माणसंच शोषून टाकतात, त्यामुळे पलीकडे तोच पट्टा पुन्हा वापरता येतो. गंमत अशी की रिकाम्या स्टेडियमात घेतलेली चाचणी म्हणून फसवी निघते. भिंतीच आलेल्या नसतात ना अजून.

आमच्या महोत्सवात मात्र एक गोष्ट दुसऱ्या रात्रीही चुकली. कार्यक्रम संपला आणि 40 हजार माणसं एकदम रस्त्याकडे निघाली. प्रत्येकाला गाडी बोलवायची होती, नाहीतर "कुठे आहेस?" विचारायचं होतं. ट्रक रिकाम्या मैदानाची राखण करत उभा आणि रस्त्यावरच्या टॉवरचं तोंड आम्हीच खाली केलेलं. पायथ्याशी भरपूर सिग्नल आणि पुढे पार्किंगपर्यंत नुसता खडखडाट. तिसऱ्या रात्री मी लॅपटॉप उघडून बसलो. त्या सेक्टरचा झुकाव दूरूनच बदलता येतो, अँटेनाच्या पोटात छोटी मोटर असते. शेवटचं गाणं सुरू झालं तसा मी तो 9 अंशांवरून 3 वर आणला. गाणं काही मला धड ऐकता आलं नाही.