पाचशे रुपयांत महिनाभर वाचन

"पुस्तकांसाठी महिन्याला पाचशेच रुपये निघतात आणि वाचन तर भरपूर. विकत घेऊ, वाचनालय लावू की ॲपची वर्गणी भरू?"

सुरुवात वाचनालयापासून करा. आमच्या रत्नागिरीत जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालापासून आहे. मी मात्र घराजवळच्या लहानशा वाचनालयाची सभासद आहे. महिना पन्नास रुपये, एका वेळी दोन पुस्तकं. आठवड्यातून एकदा फेरी मारली तरी महिन्याला आठ पुस्तकं होतात. एवढं स्वस्त दुसरं काहीच नाही.

ॲपची वर्गणी भरण्याआधी एक काम कराच. वाचायची आहेत त्या पुस्तकांची यादी कागदावर लिहा आणि एकेक नाव ॲपमध्ये शोधून बघा. मी किंडल अनलिमिटेड, म्हणजे महिन्याच्या वर्गणीत ई-पुस्तकं वाचायची ॲमेझॉनची योजना, घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्या यादीत बारा मराठी पुस्तकं होती. Kindle Unlimited ही खूण त्यातल्या दोनांवरच होती. बाकीची तिथे दिसत होती, पण विकत. यामागे कारण आहे. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला या योजनेत यायचं तर त्याचं ई-पुस्तक किमान नव्वद दिवस दुसरीकडे कुठेच विकता येत नाही, आणि मोबदला वाचल्या गेलेल्या पानांवर मिळतो. त्यामुळे तिथे स्वप्रकाशित पुस्तकांची गर्दी असते आणि मराठीतल्या जुन्या प्रकाशकांची पुस्तकं कमी सापडतात. मी १६९ रुपये भरले असते तर दोन पुस्तकं प्रत्येकी पंच्याऐंशीला पडली असती.

तेव्हा भरले नाहीत. त्या योजनेत सापडतील अशी पुस्तकं वहीत टिपत गेले, इंग्रजी रहस्यकथाही त्यात घेतल्या. आठ जमल्यावर आषाढात, पावसामुळे वाचनालयाची फेरी चुकते तेव्हा, एका महिन्याची वर्गणी भरली. पुस्तक एकवीस रुपयांना पडलं. एका वेळी वीसपर्यंत घेता येतात, म्हणून वीज आहे तोवर सगळी उतरवून ठेवली. वर्गणी पुढच्या महिन्यात आपोआप कापली जाते, म्हणून भरली त्याच दिवशी रद्द केली. भरलेला महिना तरीही पुरा मिळतो. मुदत संपली की पुस्तकं उघडत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

ॲप नसलेल्या महिन्यात साडेचारशे उरतात, ॲपच्या महिन्यात २८१. ते मी साठवते आणि कागदी पुस्तक घेते. विकत घेतलेलं ई-पुस्तकही खरं तर वाचण्याचा परवानाच असतो. शेजारच्या वहिनींना ते देता येत नाही. कागदी पुस्तक आमच्या वाडीत तीन घरांत फिरतं. इथल्या दमट हवेत त्याला बुरशी मात्र लागते, म्हणून उन्हं पडली की कपाट उघडून पुस्तकं ओसरीवर उभी करून ठेवावी लागतात.

एवढी निगा प्रत्येक पुस्तकाची होणार नाही, म्हणून निवड आधी वाचनालयात होते. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर माझा सभासद क्रमांक दुसऱ्यांदा लिहिला गेला, की ते पुस्तक खरेदीच्या यादीत जातं.