दोन रिसेटच्या मधोमध फ्लोटिंग रेट बॉण्डची किंमत काढताना

बदलत्या व्याजदराच्या बॉण्डचं महिनाअखेरचं मूल्यांकन माझ्याकडे आलं, तेव्हा मला सगळ्यात जास्त खटकत होतं ते हे की पुढची कूपनं, म्हणजे व्याजाचे हप्ते, किती असतील ते आज कुणालाच ठाऊक नाही. मग किंमत काढायची कशाची? शीटमध्ये पुढच्या चार वर्षांच्या प्रत्येक कूपनासाठी अंदाजे दर भरायची माझी तयारी होती. शेजारच्या टेबलावरचे वरिष्ठ ते बघून म्हणाले, "एवढा पसारा कशाला? शेवटच्या रिसेटपासून मागे ये."

तसं करून पाहिलं. रिसेट म्हणजे बॉण्डचा दर नव्याने ठरण्याचा दिवस. शेवटचा रिसेट झाला की बॉण्डकडून एकच रक्कम यायची उरते: मुद्दल 100 आणि त्या सहामाहीचं व्याज. हे व्याज त्या दिवशीच्या बाजारदरानेच ठरलेलं असतं आणि ती रक्कम आजच्या मूल्यात आणायला आपणही तोच दर वापरतो. त्यामुळे उत्तर 100 च येतं, मग दर 4 टक्के असो की 14. त्याच्या आधीच्या रिसेटला उभे राहिलो, तर सहा महिन्यांनी हातात 100 मूल्याचा बॉण्ड आणि कूपन असणार. पुन्हा तोच हिशोब, पुन्हा 100. असं करत आपण आजच्या नंतरच्या पहिल्या रिसेटपर्यंत पोचतो. पुढच्या कूपनांचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

आता माझ्यापुढचा बॉण्ड. दर्शनी किंमत 100, सहामाही रिसेट, दर म्हणजे बेंचमार्क, म्हणजे बाजारातला संदर्भ दर, अधिक 0.50 टक्का स्प्रेड. मागच्या रिसेटला बेंचमार्क 5.50 होता, म्हणून चालू कूपन वार्षिक 6 टक्के, सहामाहीला 3. दोन महिने उलटलेले, चार बाकी. पुढच्या रिसेटनंतर आणखी चार वर्षं मुदत. दरम्यान बेंचमार्क 6.50 वर गेला, म्हणजे स्प्रेड धरून बाजाराचा दर 7 टक्के. चार महिन्यांनी हातात येणार 100 अधिक 3.

103 / (1 + 0.07 × 4/12) = 100.65

ही झाली डर्टी किंमत, म्हणजे साचलेल्या व्याजासकट. दोन महिन्यांचं साचलेलं व्याज 1. ते वजा केलं की क्लीन किंमत 99.65. दर पूर्ण एक टक्का चढला आणि किंमत पस्तीस पैशांनी उतरली. एवढ्याच मुदतीचा, 6 टक्के स्थिर कूपनाचा बॉण्ड 7 टक्के परताव्याने मोजला, तर तो साधारण 96.29 ला येतो. फरक कशामुळे ते या आकड्यांतच दिसतं: बाजाराच्या मागे राहिलेलं कूपन आपल्याकडे फक्त एकच आहे, त्यानंतर दर नव्याने लागतो. चार महिने उरलेत, तर व्याजदराची जोखीमही साधारण चार महिन्यांचीच. जसजसा रिसेट जवळ येतो, तसतशी तीही आटते.

मध्येच एक तपासणी सांगून ठेवते. शीटमधली किंमत रिसेटनंतर दररोज थोडी वाढत जाऊन कूपनाच्या दिवशी धपकन खाली येत असेल, तर आपण डर्टी किंमत बघतोय. ती 102 च्या वर दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. क्लीन किंमत मात्र 100 पासून लांब गेली, तर थांबून बघायचं.

आणि खरी मेख तिथेच आहे. "रिसेटला 100" हे उत्तर एका अटीवर उभं आहे: बाजार त्या कंपनीकडून आजही बेंचमार्कवर 0.50 च मागतो. बॉण्डचा दर रिसेट होतो, स्प्रेड होत नाही. तो छापलेला असतो तोच मुदतीपर्यंत. समजा कंपनीची पत घसरली आणि बाजार 1.00 मागू लागला. मग पुढच्या आठही सहामाही कूपनांत आपल्याला शंभरामागे 0.25 कमी मिळणार. वार्षिक 7.50 टक्क्यांनी त्या आठ तुटींचं मूल्य साधारण 1.70 होतं. म्हणजे पुढच्या रिसेटला बॉण्ड 100 ला नाही, 98.30 ला.

(98.30 + 3) / (1 + 0.075 × 4/12) − 1 = 97.83

बेंचमार्क पूर्ण टक्क्याने वाढला तेव्हा पस्तीस पैसे गेले होते. स्प्रेड अर्ध्याच टक्क्याने रुंदावला आणि आणखी 1.82 गेले. फ्लोटरला लोक सरसकट "कमी जोखमीचा" म्हणतात ते मला म्हणूनच अर्धवट वाटतं. दराची जोखीम पुढच्या रिसेटपर्यंतची, पण पत घसरण्याची जोखीम पूर्ण मुदतीची, आणि दीर्घ मुदतीच्या फ्लोटरमध्ये ती स्थिर कूपनाच्या बॉण्डपेक्षा फारशी वेगळी नसते.

तेव्हापासून शीटमध्ये मी दोन दर वेगळ्या खान्यांत ठेवते, उरलेल्या महिन्यांचा बेंचमार्क एकात आणि बाजार मागतो तो स्प्रेड दुसऱ्यात. दोन्ही मिळून एकच आकडा भरला, तर किंमत बरोबर येऊनही ती कशामुळे हलली ते सांगता येत नाही.