भावाचा कोंडा आणि माझा सोरायसिस

आमच्या धनकवडीच्या घरात दोन डोकी एकाच सुमारास खाजायला लागली, माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं. दोघांच्याही शर्टाच्या खांद्यांवर पांढरा चुरा पडायचा. दोघंही रोज हेल्मेट घालून पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तासतासभर घाम गाळणारे, त्यामुळे घरात कुणालाच शंका आली नाही. हेल्मेटच्या घामाने कोंडा झालाय, एवढंच सगळे म्हणत होते. भावाला त्याच्या डॉक्टरांनी २ टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू लिहून दिला आणि महिन्याभरात त्याचं डोकं बरंच शांत झालं. मग त्याने बाटली माझ्याकडे सरकवली. "दादा, हाच लाव. आठवड्यातून दोनदा. फेस पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचं."

मी तसंच केलं. खाज जराशी कमी झाली, पण खवले काही हलेनात. एका घरात, एका पाण्यात, एकाच शाम्पूने एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याचं होत नाही, हे मला खटकलं आणि मी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. फोनवर रिसेप्शनच्या ताईंनी एक सूचना दिली, ती मी आता सगळ्यांना सांगतो. येण्याआधी दोन दिवस डोक्याला तेल लावू नका आणि शाम्पूही करू नका. तेल लावलं की कोरडा खवला ओला आणि पिवळट दिसतो, आणि नुकतंच डोकं धुतलं असेल तर बघायला खवलाच उरत नाही. म्हणजे ज्या दोन खुणांवरून निदान व्हायचं, त्या आपणच पुसून जातो.

जायच्या आदल्या दिवशी बायकोने गॅलरीतल्या उजेडात माझं डोकं नीट पाहिलं. शेपटीच्या कंगव्याने ती एकेक भांग पाडत गेली. बराच भाग अगदी स्वच्छ होता. मग उजव्या कानाच्या वर तिचा कंगवा थबकला. "अहो, इथे जाड आहे. आणि इथून पुढे एकदम काहीच नाही." तिने माझं बोट तिथे नेऊन ठेवलं. बोटाला खरंच एक काठ लागला. काठाच्या आत त्वचा उंच आणि खरखरीत, बाहेर नेहमीसारखी गुळगुळीत. असेच चट्टे मानेवर केस संपतात तिथे होते आणि कपाळावरही होते. कपाळावरचा तर केसांच्या रेषेतून बोटभर खाली उतरला होता. तिथेच हेल्मेटची पट्टी टेकते, म्हणून तो पट्टीने घासून झालेला डाग आहे अशी माझी समजूत होती.

कर्वे रोडवरच्या त्या डॉक्टर मॅडमनी डोक्याला हात लावण्याआधी भुवया पाहिल्या, नाकाच्या कडेच्या घड्या पाहिल्या, कान पुढे वाकवून मागची त्वचा पाहिली. मग म्हणाल्या, "बाह्या वर करा." दोन्ही कोपरांवर खरखरीत, करडट ठिपके होते. वर्कशॉपमध्ये टेबलावर कोपर टेकून काम करतो, त्याचे घट्टे असतील असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी नखं मागितली. दोन नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. गुडघे, बेंबी आणि कमरेखालची घडीही त्यांनी तपासली. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडतात का, टाच दुखते का, घरात कुणाला असं आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, कुणी स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिलंय का, असं एकामागून एक विचारत गेल्या. बीपीच्या काही गोळ्यांनी, म्हणजे बीटा ब्लॉकरनी, सोरायसिस उफाळू शकतो. आणि पोटातून स्टिरॉइड घेऊन ते एकदम थांबवलं तर तो पहिल्यापेक्षा जोरात परत येऊ शकतो.

मग त्या डोक्याकडे वळल्या. चट्ट्याचा एक तुकडा त्यांनी हलकेच सैल करून काळ्या कागदावर ठेवला आणि मला दाखवला. जुन्या भिंतीच्या चुन्याचा पोपडा निघतो तसा तो होता, कोरडा, चंदेरी-पांढरा, थरावर थर चढलेला. भावाच्या डोक्यातलं जे मी पाहिलं होतं ते असं नव्हतंच. त्याचे खवले पिवळसर आणि तेलकट होते, चिमटीत धरले की मऊ लागायचे. मॅडमना मी ते सांगितलं तर म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या." त्यामुळे दोन डोकी शेजारी-शेजारी बसवून पाहायची संधी मला मिळाली.

भावाला झालाय तो सेबोरिक डर्मटायटिस. साधा कोंडा हा त्याचाच सौम्य प्रकार मानतात. साध्या कोंड्यात पांढरी, सुटी भुकटी पडते, ती डोक्यापुरतीच राहते आणि खालची त्वचा शांत असते. तोच त्रास वाढला की त्वचा लालसर होते, खवले तेलकट पिवळे होतात आणि चेहऱ्यावरही दिसू लागतात. दोन्हींमागे मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा हात असतो. ती सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि त्वचेच्या तेलावर जगते. काहींची त्वचा तिला चिडून प्रतिसाद देते, इतकंच. म्हणून बुरशी मारणारा शाम्पू भावाला लागू पडला. सोरायसिसमध्ये गडबड शरीराच्या प्रतिकारशक्तीत असते. त्वचेच्या पेशी तयार होऊन वर येऊन झडायला एरवी साधारण महिना लागतो, तेच काम इथे काही दिवसांत उरकतं. पेशी झडायच्या आधीच खालून नव्या येऊन थडकतात आणि थर साचतो. खवला जाड का होतो, ते मला तेव्हा कळलं. यीस्ट कमी केली तरी ती घाई थांबत नाही.

लालीच्या बाबतीत मात्र आपल्याला जास्त सावध राहावं लागतं. मोबाइलवरच्या फोटोंमध्ये सोरायसिस गुलाबी-लाल दिसतो, कारण ते बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. माझ्या गव्हाळ-सावळ्या कपाळावर तो तांबूस-जांभळट तपकिरी दिसत होता आणि ट्यूबलाइटखाली तर जवळजवळ दिसतच नव्हता. भावाच्या नाकाच्या कडेला लाली अशी नव्हतीच, तिथे त्वचा आजूबाजूपेक्षा फिकट झाली होती आणि वर बारीक तेलकट पापुद्रा होता. आईला तर ते कोड वाटून धसका बसला होता. लाल नाही म्हणजे सूज नाही, असा अर्थ आपल्या रंगाच्या त्वचेत काढता येत नाही. दिवसाच्या उजेडात, शेजारच्या निरोगी त्वचेशी ताडून पाहावं लागतं.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मला कळली ती केसांच्या रेषेची. मी वाचून गेलो होतो की खवले रेषेबाहेर आले तर सोरायसिस. पण भावाचेही बाहेर आलेच होते की! मॅडमनी आम्हा दोघांना आरशासमोर उभं केलं. माझा चट्टा केसांतून सलग पुढे सरकून कपाळावर आला होता, त्याचा काठ बोटाने गिरवता येत होता आणि पुढे चेहरा अगदी साफ. त्यानंतर एकदम कोपर. भावाचं कपाळ साफ होतं, पण दोन्ही भुवयांत, नाकाच्या घड्यांत, दाढीत आणि छातीच्या मध्यभागी पापुद्रे होते. जिथे त्वचा तेलकट, तिथे त्याचा त्रास, आणि काठ कुठेच ठळक नाही, हळूहळू विरत गेलेला. कानामागे मात्र आम्हा दोघांनाही होतं, त्यामुळे एकट्या कानावरून काही ठरत नाही. तेव्हा नुसतं रेषेबाहेर आलंय का एवढंच न पाहता, बाहेर पडून ते कुठे गेलंय हे पाहायला हवं.

हेल्मेटबद्दल मी विचारलंच. हेल्मेटमुळे सोरायसिस होत नाही, पण ज्याला तो आहे त्याच्या त्वचेवर जिथे सतत घासतं किंवा खरचटतं तिथे नवा चट्टा उठू शकतो. त्यामुळे पट्टी हे मूळ कारण नसलं तरी कपाळावरचा चट्टा तिने भडकवला असू शकतो. तेव्हापासून मी आत सुती रुमाल बांधतो. याच कारणाने कंगव्याने खवले खरवडायलाही त्यांनी सक्त मनाई केली. ओढून काढला की खाली रक्ताचे बारीक ठिपके येतात आणि चट्टा आणखी पसरू शकतो.

मॅडमनी छोट्या भिंगाच्या यंत्राने, डर्मोस्कोपने, दोघांची त्वचा पाहिली. माझ्या चट्ट्यात सगळीकडे सारखे लाल ठिपके होते, भावाच्या त्वचेत फांद्यांसारख्या पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या. त्वचेचा तुकडा काढून तपासायची गरज पडली नाही. काही जणांत मात्र दोन्हींची सरमिसळ असते, खवला तेलकट आणि काठही ठळक. तिथे नखं, कोपरं आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद पाहत थोडं थांबावं लागतं, असं त्या म्हणाल्या. लहान मुलाच्या डोक्यात खवल्यांबरोबर केस तुटून टक्कल दिसत असेल, तर या तिन्हींऐवजी आधी गजकर्णाचा विचार करून तिथले केस आणि खवले तपासायला द्यायचे.

माझं औषध भावाच्या औषधापेक्षा अगदी वेगळं निघालं. आधी सॅलिसिलिक ॲसिडने जाड थर मऊ करून सोडवायचा, कारण थरावरून लावलेलं औषध खाली पोचतच नाही. त्याच लोशनमध्ये स्टिरॉइड होतं. ते रात्री भांग पाडून फक्त चट्ट्यावर थेंब-थेंब लावायचं, केसांना नाही, आणि सांगितलेल्या आठवड्यांपुरतंच. कपाळावर ते लावायचं नाही, चेहऱ्याची त्वचा त्याने पातळ पडते. तिथे वेगळं, सौम्य मलम दिलं. जोडीला कोल टारचा शाम्पू. त्याचा डांबरासारखा वास सहन करावा लागतो. नंतर स्टिरॉइड कमी करत कॅल्सिपोट्रिऑल या स्टिरॉइड नसलेल्या, लावायच्या औषधावर आणलं. भावाचा शाम्पू तोच राहिला, आता आठवड्यातून एकदा, कारण बंद केला की त्याचा त्रास परततो.

माझ्यात सगळ्यात आधी खवला गेला, मग बोटाला लागणारा काठ सपाट झाला. रंगाचा डाग मात्र बराच काळ राहिला. तो राहिला म्हणून औषध वाढवायचं नाही, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं. हाताला सपाट लागतंय ना, मग आजार शांत आहे. चट्ट्यावरचे गेलेले केसही परत आले. सोरायसिस पूर्ण बरा होत नाही, तो मधूनमधून डोकं वर काढणार. तो सांध्यांतही उतरू शकतो, आणि नखांवर खड्डे असलेल्यांत ती शक्यता जास्त. माझी नखं तशी असल्याने सांध्यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय. एखादं बोट सबंध सुजलं किंवा सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यायचं, असं त्यांनी माझ्या कागदावर लिहून दिलंय.