बोलून इमोजी पाठवताना

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जिन्यावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. डाव्या हाताने टाइप करणं मला जमेना, म्हणून फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून निरोप बोलून लिहायला लागले. मराठी शब्द बरे उमटायचे. अडलं ते इमोजीपाशी. चौकशीला आलेल्या निरोपांना निदान हात जोडून उत्तर द्यावं, तर मराठी माइकवर मी 'नमस्कार इमोजी' म्हटलं की तेच दोन शब्द देवनागरीत उमटायचे. 'फोल्डेड हॅन्ड्स इमोजी' म्हटलं तर तेही देवनागरीत.

मुलीने सांगितलं, "आई, ही सोय सगळ्या भाषांत नाही. पृथ्वीगोलाचं बटण दाबून इंग्रजी कीबोर्डवर जा आणि तिथला माइक लाव." तसं केलं. आधी म्हटलं 'नमस्ते इमोजी', तर पडद्यावर आलं `namaste emoji`. मग 'फोल्डेड हॅन्ड्स इमोजी' म्हटलं आणि 🙏 आलं. तेव्हा उलगडलं की फोन आधी बोललेलं ऐकून शब्द लिहितो. त्या शब्दांच्या शेवटी 'इमोजी' दिसलं, की त्याच्या अलीकडचं नाव आपल्या यादीत शोधतो. सापडलं तर चित्र, नाही तर नुसते शब्द. यादीतली नावं बरीचशी युनिकोडने ठरवलेली, इंग्रजी. 🙏 ला आपण नमस्कार म्हणतो, पण तिथे त्याचं नाव फोल्डेड हॅन्ड्स, म्हणजे जोडलेले हात.

ही नावं माहीत नसली तर काय होतं, ते एका निरोपाने दाखवलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. "बातमी कळली, फार वाईट वाटलं. काकांची खूप आठवण येईल," एवढं मराठीत बोलले. मग कीबोर्ड बदलला आणि अश्रूंचा चेहरा हवा म्हणून म्हटलं 'टिअर्स इमोजी'. उमटलं 😂. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा! पाठवायच्या आधी नजर गेली म्हणून वाचले. नुसत्या विचारानेही अंगावर काटा आला. नंतर नावं पाहिली. 😂 चं नाव 'फेस विथ टिअर्स ऑफ जॉय'. रडणाऱ्या चेहऱ्यांच्या नावात 'टिअर्स' हा शब्दच नाही: 😢 हा 'क्राइंग फेस' आणि 😭 हा 'लाउडली क्राइंग फेस'. मी अश्रू म्हणाले, आणि फोनला अश्रू सापडले ते आनंदाचे. तो निरोप मी शेवटी चेहऱ्याशिवायच पाठवला, नुसते जोडलेले हात ठेवून.

तेव्हापासून बोलून लिहिलेला निरोप एकदा नीट बघितल्याशिवाय सोडत नाही. शब्द चुकला तर वाचणारा सहसा ओळखतो. चेहरा चुकला तर तो आपण मुद्दामच निवडला, असं वाटतं.

दिवाळीत वेगळीच अडचण आली. पणतीचं चित्र 🪔 युनिकोडमध्ये 2019 साली आलं, नाव 'दिया लॅम्प'. मी 'दिया इमोजी' म्हटलं, तर एकदा `dear emoji` उमटलं आणि एकदा चक्क हरीण 🦌 आलं. इथे नाव चुकलं नव्हतं, ऐकण्यातच गफलत होती. इंग्रजी माइक इंग्रजी शब्दांच्या तयारीत असतो. 'दिया' त्याला 'डिअर'सारखं ऐकू येतं, आणि लिहिताना त्याचं एकदा पत्रातलं 'डिअर' होतं, एकदा हरीण. पूर्ण 'दिया लॅम्प इमोजी' म्हटल्यावर मात्र पणती आली, कारण पुढच्या 'लॅम्प'मुळे आधीचा शब्द कोणता, हे त्याला ठरवता येत असावं. शब्दाशब्दांत थांबूनही चालत नाही. 'दिया लॅम्प' म्हणून श्वास घेतला आणि मग 'इमोजी' म्हटलं, तर तिन्ही शब्द तसेच लिहिले गेले.

याच्या उलटंही होतं. मुलीला इंग्रजीत विचारायचं होतं, की तू कोणता हार्ट इमोजी पाठवला होतास. 'हार्ट इमोजी' म्हणताच त्या दोन शब्दांच्या जागी ❤️ आलं आणि प्रश्नच मोडला. शब्द शब्दच राहायला हवे असतील, तर 'इमोजी विथ अ हार्ट' असं फिरवून म्हणते. 'इमोजी' आधी आलं की चित्र होत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पस्तीस जणांना शुभेच्छा गेल्या. मजकूर मराठी माइकवर एकदाच बोलले, मग कीबोर्ड बदलून एका दमात 'दिया लॅम्प इमोजी', आणि तोच निरोप पुढे पाठवत गेले. जाऊबाईंचं लगेच उत्तर आलं, "हात बरा झाला वाटतं?" प्लॅस्टर निघायला अजून तीन आठवडे होते.